दर महिन्याला तेवढाच नफा

मुलांनो, नव्वदच्या दशकात बोईसरला आमचं ज्येष्ठ नागरिक मंडळ होतं. महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात सभा भरे आणि इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे असे.

एका सभेला पालघरहून बँकेतले निवृत्त अधिकारी आले. त्यांची नोकरी परकीय चलनाच्या खात्यात झाली होती. त्या दिवसांत गावात एक कंपनी डॉलर आणि जर्मन मार्कच्या खरेदी-विक्रीतून महिना चार टक्के नफ्याची हमी देत होती.

आमच्यातले घिवलीचे भाऊ तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांनी कंपनीत दहा हजार ठेवले होते. निवृत्तीचा सगळा फंड ते सोमवारी भरणार होते. त्याचा चेक खिशातच होता.

"साहेब, चार महिने झाले, चारशे रुपये वेळेवर येतात. फसवणारा पैसे कशाला देल?"

"नवीन माणसांनी भरलेल्यातून देतो. तुम्ही शेजाऱ्यांना सांगावं म्हणून देतो," साहेब म्हणाले. "आणि सामान्य माणसाला असा चलनाचा सट्टा खेळायला आपल्याकडे कायद्यानं परवानगीच नाही. परवाना दाखवा म्हणा."

"यांचा साडूपण यांनीच आत घेतलाय," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. भाऊ चिडले.

मग साहेबांनी भाऊंकडून कंपनीचे चार महिन्यांचे हिशेब मागून घेतले आणि त्यांच्याशेजारी सोबत आणलेले वर्तमानपत्रातले डॉलर-मार्कचे भाव मांडले. भाव कधी वर, कधी खाली. हिशेबात मात्र चारही महिने नफा चार टक्के. भाऊंनी चष्मा लावून कागद पुन्हा पुन्हा पाहिले.

"बॉयलर पेटता हाय, वाफ कमीजास्त होते, आन् दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा एकाच आकड्यावर," ते हळू म्हणाले. "आमी त्या काट्यावर इस्वास ठेवत नाय. गेजची नळी चोंदलेली असते." मग कंपनीचा करार त्यांनी माझ्या हातात दिला. "वहिनी, हा वाचा बरं."

करार इंग्रजीत होता. मी मराठीत सांगितलं, "नुकसान झाल्यास ते ग्राहकाचं." हमी फक्त जाहिरातीच्या पत्रकावर होती, करारात नव्हती.

"चार महिन्यांपूर्वीच तुमाला का नाय दाखवला मी?"

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," मी म्हणाले. बोलणं जरा कडकच झालं.

सोमवारी भाऊंनी दहा हजार परत मागितले. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. वर्ष व्हायच्या आतच ऑफिसला कुलूप लागलं. फंड त्यांनी पोस्टात ठेवला होता, तो वाचला.

साडूचे वीस हजार बुडाले. भाऊ नवापूरला त्याच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून मीही सोबत होते. साडूनं चहा दिला, पण बोलला एकच वाक्य, "तुमी सांगितलं म्हणून भरले, भाऊ."

पुढं तीन वर्षं पोस्टाच्या व्याजातला निम्मा भाग भाऊ दर महिन्याला साडूकडे पोचवत होते.