आत गेला, बाहेर आला

माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून हवालदार असूनही मला कायम लिखापढीला बसवायचे. राग मात्र माझ्या हातात कधीच राहिला नाही. कोठडीतल्या माणसाच्या थोबाडीत हाणायची आणि मग त्याच हाताने त्याचा जबाब लिहायचा, असं माझं चाललेलं. आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

सत्तर-बहात्तरचा सुमार असेल. मढच्या कोळीवाड्यात भरदुपारी खून झाला. बोंबील वाळत घालायच्या जागेवरून दोन शेजाऱ्यांची महिनाभर मारामारी चालली होती. त्यातल्या एकाने दुसऱ्याला त्याच्याच घरात घुसून कोयत्याने तोडला. मानेवर एक वार, खांद्यावर दोन. मी पोचलो तेव्हा उंबऱ्यावरून रक्त ओघळून अंगणात आलं होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी अंगणातच उभा राहिलो आणि तिथूनच सगळं पाहिलं.

मयताची बायको त्या वेळी आत चुलीपाशी होती, नवऱ्यापासून चार हातांवर. डोळ्यांनी पाहणारी ती एकटीच. चौकीत ती सरळ बोलली. "तो आत आला. हातात कोयता. मारलान. परत मारलान. मग बाहेर गेला."

मी तिची फिर्याद लिहिली : ‘सदर इसम कोयत्यासह आमचे घरात गेला. माझे पतीचे मानेवर व खांद्यावर वार केले आणि रक्ताने माखलेला असा बाहेर आला.’ भाषा आमची पोलिसी, आणि डोळ्यांसमोर ते अंगण. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या लेखी तो आत आला होता. अंगणातल्या माणसाला तो आत गेलेला दिसला असता. मी तिच्या तोंडून माझ्या जागेवरून बोललो होतो आणि मला पत्ताच नव्हता! फिर्याद वाचून दाखवली, तिने अंगठा उठवला. पदरावर नवऱ्याचं रक्त सुकलेलं, तिला कशाचं भान असणार?

आरोपीला मी असा तुडवला की तो दात थुंकला. कबूल मात्र झाला नाही. कोयता खाडीत गेला, तो काही सापडला नाही. म्हणजे सगळी मदार त्या बाईच्या शब्दावर.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने तिच्या उलटतपासणीत फिर्याद वाचली. "घरात गेला, बाहेर आला. म्हणजे बाई, तुम्ही अंगणात होतात."

"मी चुलीजवल होती!"

"चुलीजवळच्या बाईने ‘आत आला, बाहेर गेला’ म्हटलं असतं. आत काय झालं ते तुम्ही पाहिलंच नाही. पदरावरचं रक्त नंतर आत धावलात तेव्हा लागलं."

मग मला पिंजऱ्यात बोलावलं. "फिर्यादीत बाईचेच शब्द आहेत ना, जसेच्या तसे?"

मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. च्यायला, वाट लागली! नाही म्हणावं, तर मी फिर्याद बदलली असं होतं आणि नोकरी जाते. घरी चार पोरं. ती बाई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "होय. जसेच्या तसे."

तो सुटला.

दोनेक महिन्यांनी कुणाचं तरी समन्स घेऊन मढला गेलो. ती दारात कोयत्याने मासळी कापत बसली होती. मी मान खाली घालून सटकत होतो, तेवढ्यात तिने उठून माझी कॉलर धरली. बाईच्या हातात एवढी ताकद! मला ओढत आत नेलं आणि चुलीपाशी आपटलं.

"बस हितं. हलू नको."

ती अंगणात गेली. फिरली. कोयता उचलून तशीच धावत आत घुसली. मी हात डोक्यावर घेतले. घाव माझ्या कानाजवळच्या मेढीच्या खांबात बसला, लाकडाची कपची गालावर उडाली. माझी चड्डी ओली झाली, खोटं कशाला सांगू!

"बोल हवालदार," ती धापा टाकत म्हणाली, "मी आत आले का गेले?"

"आलीस," मी ओरडलो. "बाई, आत आलीस तू!"

"मग कोर्टात का नाय बोललास?"

बाहेर तो सुटलेला शेजारी बांबूवर बोंबील टांगत होता, शीळ घालत. भांडणाची ती जागा आता त्याचीच होती. ती कोयता मेढीत तसाच रुतलेला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ‘नोकरी’ हा एक शब्द माझ्या तोंडात आला होता. तिच्या चुलीपाशी बसून तो मला उच्चारता आला नाही.