तपासणीच्या रकान्यातलं कार्ड

परागदा रोज ऑफिसात आला की खांद्यावरची पिशवी न उतरवता भिंतीवरच्या बोर्डासमोर उभा राहायचा आणि बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचायचा. एकेका कार्डावर बोट टेकवत, ओठ न हलवता.

बोर्ड त्यानेच आखला होता. डावीकडून चार रकाने: करायचं, रेकॉर्डिंग, तपासणी, झालं. मधल्या दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर लाल शाईत दोनचा आकडा. त्या प्रत्येक रकान्यात एका वेळी दोनच कार्डं राहू शकतात, तिसरं नाही. कोलकात्यात, बेहाला भागातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही चौघं अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचो. प्रत्येक प्रकरणाचं एक कार्ड. एकाने पंखा आणि खिडकी बंद करून वाचायचं, दुसऱ्याने पुस्तक समोर धरून ऐकायचं. स्वतःचं वाचन स्वतः तपासायचं नाही.

पराग जन्माने कोलकात्याचाच. घरी मराठी, बाहेर बंगाली. आधी एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मौसुमी आणि तन्मय त्याला परागदा म्हणायचे, म्हणून मीही.

"परागदा, हा बोर्ड आहे की ट्रॅफिक पोलीस?" तन्मय वैतागून म्हणायचा. त्याला नेहमी नवं प्रकरण सुरू करायची घाई.

"पोलिसाशी हुज्जत तरी घालता येते. सुरू काय करू ते विचारू नकोस. संपवायला कुणाला मदत करू, ते विचार. जा, मौसुमीचं ऐकून दे."

"आणि दोनाचे तीन केले तर?"

"तर अडलेलं दिसायचं बंद होईल. अडलेलंच राहील, फक्त दिसणार नाही."

एका शुक्रवारी परागदाने इतिहासाचं शेवटचं प्रकरण वाचून संपवलं. तपासणीत जागा होती. मी कार्ड ओढून तिथे लावलं, त्यावर माझं नाव लिहिलं. सोमवारी मी ते ऐकणार होते. रविवारी सकाळी बाजारातून परतताना तो जिन्यातच बसला, आणि उठला नाही.

आठवड्याभराने आम्ही ऑफिस उघडलं. कार्ड तिथेच होतं, त्याच्या तिरक्या अक्षरात. मी हेडफोन घातले, काढले. दुसऱ्या दिवशीही तेच. मौसुमी म्हणाली, "मी ऐकते." फाईलवर बोट नेलं आणि उठून तोंड धुवायला गेली.

खाली रस्त्यावरून बस गेली की भिंत किंचित हादरायची आणि त्या कार्डाचा सुटा कोपरा हलायचा. आम्ही तिघंही त्याच वेळी वर बघायचो. तपासणीत आता एकाच कार्डाची जागा उरली होती. एक प्रकरण ऐकून होईपर्यंत रेकॉर्डिंगच्या रकान्यात दोन प्रकरणं वाचून तयार, पण पुढे सरकायला वाट नाही. तो रकाना भरलेला, म्हणून नवं काही वाचायला घेता येईना. डाव्या रकान्यातली कार्डं हलतच नव्हती. परीक्षा तोंडावर आलेली.

बराकपूरहून स्नेहाचा फोन आला. बी.ए.ला होती. "दीदी, इतिहासाचं शेवटचं प्रकरण? बाकीची परागदांच्या आवाजात पाठ झालीत."

तिला त्याच्याबद्दल सांगायला मला जमलं नाही. "पाठवते," म्हटलं.

फोन ठेवला तर तन्मय मार्कर घेऊन बोर्डापाशी उभा. त्याने तपासणीवरचा दोन पुसून तीन लिहिला होता. "म्हणजे बाकीचं काम तरी चालू होईल. ते प्रकरण मी पुन्हा वाचतो, माझ्या आवाजात."

"आणि ते कार्ड?" मौसुमीने विचारलं.

"असू दे तिथेच."

मी त्या तीनकडे बघत राहिले. खरंच सगळं सुरळीत चाललं असतं. कार्ड तिथेच पिवळं पडलं असतं आणि हळूहळू कुणाच्या नजरेलाही खुपलं नसतं. त्याचा आवाज कुणाहीपर्यंत न पोचता मशीनमध्ये पडून राहिला असता.

"पुसून टाक, तन्मय," मी म्हटलं. "दोनच ठेव."

त्याने तळहातानेच पुसलं.

मी पुस्तक उघडून बसले. पहिल्या वाक्याला खोलीच भरल्यासारखी झाली. तो श्वास घेतो, पान उलटतो, एका सनाला अडखळतो आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. मान वर केली तर समोरच्या खुर्चीत तो असेल, असं वाटून मी पानावरून नजर हलवली नाही. दोन चुका सापडल्या. एका ठिकाणी ओळ गळली होती, दुसरीकडे नाव चुकलं होतं. तेवढे दोन तुकडे तन्मयने वाचून जोडले. परागदाच्या आवाजातून एकदम तन्मयचा आवाज येतो, ते तसंच ठेवलं. मौसुमीने कार्ड उचलून शेवटच्या रकान्यात लावलं. संध्याकाळी प्रकरण स्नेहाला गेलं, आणि सोबत मी तिला खरं काय ते सांगितलं.

पाठवण्याआधी शेवटचे काही क्षण कापावे लागले. धडा संपल्यावर मशीन चालूच राहिलं होतं. खुर्ची करकरते, पुस्तक मिटल्याचा आवाज येतो, आणि मग शेजारच्या खोलीतल्या मला तो हाक मारतो:

"शर्वरी, पंखा लाव गं आता. आणि खिडकी उघड, मासेवाला गेला."