ज्याला एको नाही, तो चोर

अक्काचा आवाज मोठा. सगळा जन्म मोटार वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये गेलेला. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा भरायची. शेजारी ग्राइंडर किंचाळत असताना बोलायची सवय झालेली बाई घरी येऊन हळू कशी बोलणार? नवऱ्याच्या कानात सांगितलेली गोष्टसुद्धा समोरच्या घरात पोचायची.

नवरा उलट. मूग गिळून बसलेला. एका गोदामात तो मालाची लिफ्ट चालवायचा. त्या लिफ्टचं बटण दाबून सोडायचं नसतं, ती जागेवर पोचेपर्यंत अंगठ्याने धरून ठेवायचं असतं. अंगठा उचलला की लिफ्ट मधेच थांबते. अशी वर्षानुवर्षं बटणं धरून धरून त्याच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. पुढे त्या अंगठ्यानेच घोळ केला, म्हणून आधी सांगून ठेवलं.

अक्काचा भाचा नोकरीसाठी बाहेर गेला आणि जाताना आपला गेमचा डबा मावशीच्या टीव्हीखाली ठेवून गेला. धूळ पुसता पुसता अक्काने तो लावून पाहिला आणि वर्षभरात एका बोटीची कप्तान होऊन बसली. खेळ साधा होता. चौघांनी मिळून एक बोट वादळातून काढायची. एकाने सुकाणू धरायचं, एकाने शिडं सांभाळायची, एकाने डोलकाठीवर चढून टेहळणी करायची आणि एकाने पंप मारत आत शिरलेलं पाणी बाहेर फेकायचं. बाकीचे तिघं होते मास्तर, सिस्टर आणि क्रेनवाला. मास्तर गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, सिस्टर दवाखान्यात होत्या, क्रेनवाला बंदरावर. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दर रविवारी दुपारी जेवणं उरकून चौघं पार्टीत यायचे. पार्टी म्हणजे खेळता खेळता एकमेकांशी बोलायची सामाईक लाइन. अक्काच्या नवऱ्याला सगळे दाजी म्हणायचे; मागे बसून तो कधीमधी खोकायचा, तेवढीच त्याची ओळख.

या पार्टीत अक्काचा एक कायदा होता. एको खपवून घ्यायचा नाही. कोणी हेडसेट न घालता टीव्हीवर आवाज सोडला, की बाकीच्यांचं बोलणं त्याच्या टीव्हीतून बाहेर पडायचं, त्याच्या उघड्या माइकमध्ये शिरायचं आणि बोलणाऱ्याच्याच कानावर क्षणभराने परत आदळायचं. आपलंच वाक्य आपल्याला वेडावतंय असं वाटून माणूस बोलायचा थांबतो. गंमत अशी, की ज्याच्या घरून हे होतं त्याला स्वतःला एको ऐकूच येत नाही. तो बिचारा साळसूदपणे विचारतो, "कुठे? मला तर छान ऐकू येतंय."

"ज्याला एको नाही, तो चोर!" अक्का ओरडायची. "माइक!"

तिची पद्धत ठरलेली. एकेकाने माइक बंद करायचा. ज्याचा बंद केल्यावर एको थांबला, तो सापडला. मग त्याची उलटतपासणी. पार्टीचा आवाज कुठे सोडलाय? हेडसेटवर, टीव्हीवर की दोन्हीकडे? दोन्हीकडे असेल तर टीव्हीवरचा काढ. निस्तरत नसेल तर पार्टीतून बाहेर जा आणि निस्तरून परत ये. एकदा तिने मास्तरांना बाहेर काढलं होतं. मास्तर आठवडाभर रुसले आणि पुढच्या रविवारी नवा हेडसेट घालून आले.

मग अक्काच्या डोक्यात रक्तस्राव झाला.

दवाखान्यातून ती घरी आली ती आडवीच. कवटी डाव्या बाजूने उघडली होती, तिथली जखम नाजूक होती. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली, कारण आतली खोली अंधारी होती. दाजीने गोदामात अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं. सकाळी शेजारीण बसायची, दुपारपासून तो. तिला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं. वाचा कधी येईल असं त्याने डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तिच्याशी बोलत राहा." ज्याच्यावर सगळ्या संसारात बोलायची पाळीच आली नव्हती, तो काय बोलणार? तो खाटेशी बसून म्हणायचा, "आज ऊन आहे." त्यानंतर काय म्हणायचं ते त्याला सुचायचं नाही, आणि त्याला रडू यायचं.

एका रविवारी त्याने टीव्हीखालचा डबा चालू केला.

आवाज टीव्हीवरच होता. क्रेनवाला ओरडला, "कोण आलं? अक्का?" आणि खाटेवर अक्काने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून वळवली. तिची नजर टीव्हीवर अशी खिळली, की दाजी हातातली वाटी खाली ठेवायला विसरला.

अक्का आजारी आहे, एवढं त्याने सांगितलं आणि तेव्हापासून तो बोटीवर येऊ लागला. सुकाणू सिस्टरनी घेतलं. दाजीला पंपावर बसवलं, कारण तिथे नुसतं एक बटण धरून ठेवायचं असतं आणि त्यात त्याचा हात कोण धरणार! पण त्याच्या मांडीवरच्या कंट्रोलरमध्येच माइक होता, समोर टीव्ही मोठ्याने चालू, आणि त्याला कसलाच एको ऐकू येत नव्हता.

"दाजी, चोर तुम्हीच," मास्तर नरमाईने म्हणाले.

त्याने आपल्या परीने सगळं करून पाहिलं. टीव्हीचा आवाज कमी केला, तर अक्काच्या कपाळाला आठ्या पडून ती कासावीस झाली. हेडसेट तिच्या डोक्यावर ठेवला, तर जखमेवर दाब येऊन तिने डाव्या हाताने तो ढकलला. स्वतः घातला आणि आवाज दोन्हीकडे सोडला, तरी खोली एवढीशी, टीव्ही तसाच माइकमध्ये शिरायचा. फक्त हेडसेटवर घेतला तर एको गेला, पण खोली मुकी झाली. अक्का रिकाम्या टीव्हीकडे बघत राहिली. तिला तसं बघताना पाहून त्याने हेडसेट काढून कपाटात टाकला.

कंट्रोलरवर माइक बंद करायचं छोटं बटण होतं. तेही त्याने दाबलं होतं. पण दाबलं म्हणजे धरलं, लिफ्टसारखं. आणि ते धरून ठेवलं की नुसता माइकच नाही, टीव्हीचा आवाजसुद्धा बंद होतो. हे बटण सगळंच मारतं, असं समजून त्याने पुन्हा त्याला हात लावला नाही. कोणाला विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे बोलायचं आलं.

एका रविवारी वादळ ऐन भरात असताना प्रत्येक हाक दोनदा येत होती. बोट खडकावर गेली. क्रेनवाला तापट. "दाजी, अक्काचाच कायदा आहे, माफ करा," म्हणाला आणि त्याने दाजीला पार्टीतून बाहेर काढलं. टीव्हीवर नुसत्या लाटा उरल्या. दाजीने मागे पाहिलं. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती हात उचलत नव्हती. आपलाच कायदा आपल्यावर उलटलेला तिला समजला होता. तिला सगळं समजत होतं, हे दाजीला त्या क्षणी कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

संध्याकाळी सिस्टरनी एकट्यांनीच दाजीला पार्टीत बोलावलं. "दाजी, हेडसेट का घालत नाही? खरं सांगा."

त्याने सांगितलं. मग सिस्टर म्हणाल्या, "कंट्रोलरवरचं ते छोटं बटण आहे ना..."

"ते नको. सगळंच बंद होतं."

"धरून ठेवता का तुम्ही?"

"मग?"

"नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा."

त्याने दाबून सोडलं. बटणावर केशरी दिवा लागला, आणि टीव्हीतून सिस्टर बोलतच राहिल्या: "आता मला तुमचं काही ऐकू येत नाहीये, पण अक्काला माझं येतंय. हो ना अक्का? तुम्हाला बोलायचं असेल तेव्हा उघडा. आम्ही गप्प बसू. बोलून झालं की बंद. आम्ही बोलताना माइक बंद असला की एको येणारच नाही."

तसं सुरू झालं. क्रेनवाल्याने माफी मागितली. दाजी माइक उघडायचा, सगळे थांबायचे, तो म्हणायचा, "पाणी कमी झालं. संपलं." आणि केशरी दिवा लावायचा. मास्तर मुद्दाम अक्काला उद्देशून विनोद करायचे, ते सगळे शिळे असायचे. ती हसायची नाही, पण ऐकायची. तिच्या आठवड्यात तेवढाच एक वार उरला होता. प्रकृती उतरणीला लागली होती. तिला पाणीसुद्धा गिळवेना.

आणि एकदा दाजी माइक बंद करायला विसरला. मास्तर बोलत होते, त्यांचा आवाज त्यांच्यावरच उलटला, तिघं एकदम ओरडले, "दाजी, एको!" आणि त्या गलक्यात खाटेवरून आवाज आला. जाडाभरडा, घशात अडकलेला, पण स्पष्ट.

"माइक!"

दाजीचा अंगठा आपसूक हलला. अक्काने सांगितलं की ऐकायचं, ही जन्माची सवय. केशरी दिवा लागला. मग त्याला उमगलं.

"बोलली!" तो ओरडला. "अक्का बोलली! ऐकलंत का?"

बंद माइकमध्ये तो ओरडत होता. टीव्हीत तिघं शिडांबद्दल बोलत राहिले. त्याने माइक उघडला. "अक्का बोलली हो! माइक म्हणाली!"

"आम्हाला नुसता एको ऐकू आला, दाजी," मास्तर म्हणाले.

"अगं, पुन्हा म्हण," तो खाटेपाशी कंट्रोलर धरून विनवू लागला. "एकदाच. हे बघ, उघडा आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ फक्त लाटांचा आवाज होता. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "बोलली असेल, दाजी." त्या 'असेल'ने त्याचं काळीज कापलं.

पुढच्या रविवारी मास्तर सगळ्यांच्या आधी पार्टीत बसले होते. सिस्टर आणि क्रेनवाला आले. थोड्या वेळाने दाजी आला आणि म्हणाला, "नमस्कार." दोघं-तिघं एकदम बोलले, एकमेकांच्या बोलण्यात बोलले, आणि काहीच उलटून आलं नाही.

"अरे वा, दाजी!" मास्तर खूश होऊन म्हणाले. "माइक उघडा आहे तरी एको नाही! आज अगदी स्वच्छ! जमलं की तुम्हाला! काय केलंत?"

"हेडसेट घातला," दाजी म्हणाला. "आवाज फक्त हेडसेटवर घेतला."

मास्तर आणखी काहीतरी कौतुकाचं बोलायला लागले होते. सिस्टरनी त्यांना थांबवलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

बोट धक्क्याला बांधलेली होती. कोणी ती सोडली नाही. मास्तरांना हुंदका आवरला नाही आणि तो सगळ्यांच्या कानात अगदी स्वच्छ आला.

"दाजी," क्रेनवाला म्हणाला, "टीव्हीवर लावा. घुमू दे. आम्ही कोणी काही म्हणणार नाही."

दाजीने रिकाम्या खाटेकडे पाहिलं. गादी उचलून उन्हात टाकली होती, नुसती फळी उरली होती.

"नको," तो म्हणाला. "तिला चालायचं नाही."