दुबईच्या मालकाची खोली

पाटोद्याकडच्या शहादेव मुकादमानं तीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या बांधल्या, पण घर बघितल्याबिगर कुणाच्या हातावर उचल ठेवली न्हाई. हंगामाआधी जोडप्याला आगाऊ रक्कम द्यायची तर आधी त्यांच्या दारात जाऊन बसायचा. चहा मागायचा. बैल कुणाच्या नावचे, म्हातारी अंथरुणाला तर खिळली न्हाई ना, बाई पोटुशी हाय का, सगळं डोळ्यानं बघायचा. मगच नोटांची गड्डी बाहेर यायची.

त्याची पोर मनिषा नर्स झाली. पुण्यातल्या एका खाजगी दवाखान्यात सोमवारी हजर व्हायचं होतं. शहादेवनं आधीच बजावलं होतं, "खोली न्हाई तर नोकरी न्हाई."

मोबाईलवर तिला एक घर घावलं. दवाखान्याजवळ, चौथा मजला, भाडं निम्मं. मालक अमरसिंह दुबईला. चाळीस हजार अनामत आधी धाडा, चावी कुरिअरनं येईल, अजून तिघं मागं लागलेत, असं त्याचं म्हणणं.

"आबा, मला हे नीट वाटत न्हाई," मनिषा म्हणाली. "व्हिडिओवर घर दाखव म्हणलं तर ड्युटीवर हाय म्हणतो. लाईट बिल मागितलं, घराच्या नोंदणीची इंडेक्स टू मागितली, तर आधार कार्डाचा फोटो धाडला. तसला फोटो कुणाचाबी धाडता येतो. आन पैसे धाडायला गेलं की नाव भलत्याच बाईचं येतंय."

"बहीण असंल त्याची."

"कुणीतरी जाऊन बघितल्याबिगर रुपया देऊ नका."

हे मात्र शहादेवला पटलं. त्यानं आश्रुबाला फोन लावला. आश्रुबा कधीकाळी त्याच्याच टोळीत कोयता चालवायचा, आता पुण्यात त्याच भागात वॉचमन होता. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला.

"बघून आलो मुकादम. घराला कुलूप हाय. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणला, मालक दुबईला असतो, माणूस लई चांगला. टाका पैसे, न्हाईतर जाईल घर."

"दाराचा एक फोटो धाडायला सांगा की," मनिषा म्हणाली.

"आपल्या टोळीतल्या माणसाला पुरावा मागतीस? लाव पैसे."

तिनं बापाच्या फोनवरून चाळीस हजार धाडले. चावी आली न्हाई. कुरिअर पुण्यातच येईल असं मालक म्हणाला म्हणून रविवारी दोघं गाठोडं घेऊन निघाले.

चौथ्या मजल्यावर बेल वाजवली तर सत्यशीला नावाच्या बाईनं दार उघडलं. घर तिचंच, राहायलाबी तीच.

"फोटो आमचेच आहेत," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी भाड्यानं द्यायचं होतं तेव्हा टाकले होते. त्या चोरानं उचलले. महिन्यात तुम्ही तिसरे." तिनं दार लावून घेतलं.

दुबईचा फोन बंद. मनिषानं जिन्यातच ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला. पलीकडच्यानं व्यवहाराचा नंबर लिहून घेतला, तक्रारीचा नंबर दिला. पैसे गेले तवाच फोन केला असता तर अडवता आले असते, म्हणाला. आता चार दिवस झाले होते, पुढच्या खात्यात गेले असणार.

शहादेवनं आश्रुबाला गेटवर बोलावलं. तो शिट्टी गळ्यात घालून सावकाश आला.

"तू बघितलंस म्हणलास ना बे?"

"बघाया गेलतो की. बाईनं सगळं सांगितलं, खोटी जाहिरात हाय म्हणून. तुमाला उलटं सांगितलं."

"कावून?"

"सुनितापायी."

शहादेवनं कपाळाला आठ्या घातल्या. "कोण सुनिता?"

आश्रुबा हसला. "इसरलात व्हय! माझी बायको. मी तापानं फणफणलो तवा मला गावाला धाडलंत आन तिला फडात ठेवून घेतलंत, उचल फिटस्तोवर. सातवा महिना हुता. मोळ्या वाहता वाहता पोर गेलं तिचं."

"टोळीत असं कुणाचं ना कुणाचं होतंच," शहादेव म्हणाला. "मी किती जणींचं ध्यानात ठेवू?"

मनिषा बापाकडं बघत राहिली. मग आश्रुबाकडं वळली. "मी काय केलं हुतं मामा तुमचं?"

"काय न्हाई पोरी. पण ह्याला दुखायला दुसरी जागाच न्हाई." तो शिट्टी वाजवत एका मोटारीला वाट करून द्यायला गेला.

मनिषानं पिशवी खाली ठेवली. "आबा, मी उद्या हजर होते. दवाखान्यातल्या कुणासंगं तरी राहीन."

"खोली न्हाई तर नोकरी न्हाई." शहादेवनं पिशवी उचलली, तिच्या दंडाला धरलं आन एसटी स्टँडची रिक्षा केली.

सोमवारी दहाला दवाखान्यातून फोन आला. मनिषा अंगणात भांडी घासत होती, तिचा फोन ओट्यावर होता. राखेचे हात तसेच घेऊन ती उठली, तोवर शहादेवनं उचललाबी होता.

"ती यायची न्हाई. दुसरी बघा," म्हणाला आन फोन सदऱ्याच्या खिशात घातला.