थांबल्यावरचा नून

मी वसमतला चाळीस वर्षं पोरींना कुरआन वाचायला शिकवलं, आणि त्यातली दोन ठिकाणं चाळीस वर्षं चुकीची शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवायला काही उरत नाही.

माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. अरबी वाचायला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. अर्थ आमच्यात कुणालाच फारसा येत नव्हता, पण जबर, जेर, पेश या अ, इ, उ स्वरांच्या खुणा बघून अक्षरं वाचता येत. लग्नानंतर गल्लीतल्या पोरी दुपारच्या नमाजनंतर माझ्या ओसरीवर यायला लागल्या, त्या अजून येतात. शेतातली हळद काढायच्या दिवसांत त्यांची बोटं पिवळी असतात, म्हणून मी आधी हात धुवायला लावते.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाचं लग्न झालं. सून परभणीची, मुलींच्या मदरशात शिकून आलिमा, म्हणजे धर्माचं शिक्षण पुरं केलेली. मला दमा आहे, त्यामुळं तिनं येताच पोरींचं वाचन स्वतःकडं घेतलं आणि मला म्हणाली, अम्मी, तुम्ही नुसतं ऐका. मी ऐकायची. एक गोष्ट मात्र खटकायची. काही ठिकाणी ती पोरींना श्वासच घेऊ द्यायची नाही. 'कुल हुवल्लाहु अहद' म्हणून पोरगी थांबायला लागली की ही हातानं चल, चल करायची. पोरी लालेलाल होऊन एका दमात पुढचं वाचायच्या. लेकरांचा जीव घेशील, असं मी एकदा म्हटलं. ती हसली आणि भांडी घासायला निघून गेली.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतली, सून यायच्या आधी माझ्याकडं शिकलेली नऊ वर्षांची पोरगी मुलींच्या मदरशात हिफ्जसाठी गेली. हिफ्ज म्हणजे अख्खा कुरआन पाठ करणं. पोरीनं स्वतःच हट्ट धरला होता. जागा एकच रिकामी होती. तिथल्या शिकवणाऱ्या उस्तानीनं तिला लहान सूरा, म्हणजे कुरआनातले छोटे अध्याय, म्हणायला लावल्या आणि दोन ठिकाणी अडवलं. आठ दिवसांनी परत ये म्हणाली, पण तेव्हाही हेच ऐकू आलं तर जागा दुसरीला जाईल.

दुसऱ्या दिवशी पोरीची आई तिला घेऊन माझ्या दारात. ही आईसुद्धा लहानपणी माझ्याकडंच शिकलेली. बस म्हटलं तरी बसेना.

"खाला, तुमी शिकवलं तेच तिनं वाचलं. मी बी तेच वाचते. मग चुकलं कोण?"

मदरशावाल्यांना खोट काढायची सवयच असते, असं मी म्हणाले आणि पोरीला वाचायला लावलं. तिनं 'कुल हुवल्लाहु अहद' म्हटलं, श्वास घेतला आणि पुढं 'निल्लाहुस्समद' म्हटलं. मला तर त्यात काही वावगं दिसलं नाही. मी कुरआन उघडला आणि बोट ठेवून दाखवलं. 'अहद'च्या पुढं बारीक नून, म्हणजे अरबी 'न', छापलेला होता, खाली जेर. म्हणजे 'नि'.

"हा बघ. छापलेला आहे. मी पदरचा आणून चिकटवला का?"

सून दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिची नजर खाली. मी चार पोरं वाढवली आहेत, काहीतरी लपवणारं तोंड मला कळतं. बोल म्हटलं.

"अम्मी, नून छापलाय ते बरोबर आहे," ती म्हणाली. "पण थांबलं की तो वाचायचा नसतो."

मग तिनं समजावून सांगितलं. मूळ शब्द 'अहदुन'. त्याच्या शेवटी नून आहे, पण मुका, त्याच्यावर स्वर नाही. पुढं 'अल्लाहु'. न थांबता वाचलं की त्याचा पहिला 'अ' गळतो आणि समोर येतो लाम, म्हणजे 'ल', तोही मुका. दोन मुकी अक्षरं एकापुढं एक आली की अरबीत जीभ अडते. म्हणून पहिल्याला उसना जेर देतात आणि मग होतं 'अहदुनिल्लाहु'. आपल्या दारापुढची नाली ओलांडायला फरशी टाकलीय ना, तसं. पण 'अहद'वर थांबलात तर नाली ओलांडायचीच नाही. तिथं तो नून बोलला जात नाही, 'अहद' दालवर, म्हणजे 'द'वर संपतो. आणि नवा श्वास घेऊन सुरू केलं की 'अल्लाहु'चा 'अ' आपल्या जागी असतोच. दुसरं ठिकाणही तसलंच. 'लुमजतिनिल्लजी' जोडून बरोबर. थांबलं तर 'त'चा 'ह' होऊन 'लुमजह', आणि पुढं 'अल्लजी'.

म्हणजे आम्ही घरात थांबून फरशी डोक्यावर घेऊन निघत होतो.

पोरीनं विचारलं, मग 'मिनल जिन्नति'मध्ये जेर काहून नाही, तिथं तर 'न' आहे. सून खूश झाली. बहुतेक ठिकाणी जेरच देतात, ती म्हणाली, पण 'मिन'च्या पुढं 'अल' आला की जबर देतात.

तोवर माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"म्हणून तू पोरींना थांबू देत नव्हतीस?"

"थांबल्या नाहीत तर नून बरोबर बसतो," ती म्हणाली. "मग तुम्हाला काही सांगायची वेळच येत नाही."

पोरीची आई हसायला लागली. मला राग आला. दोन वर्षं तू माझी चूक लेकरांच्या फुफ्फुसावर ढकललीस, असं मी म्हणाले. सून म्हणाली, नव्या सुनेनं आल्या आल्या सासूचं वाचन कसं दुरुस्त करायचं, ते मदरशात शिकवलं नव्हतं. माझ्या आईलाही दमा होता. तिला श्वास पुरत नसेल, म्हणून ती थांबली आणि ऐकलेला नून तसाच तोंडात राहिला, असा माझा अंदाज. आई गेली, आता विचारणार कुणाला.

ही पोरगी मीच नीट करणार, असं मी सुनेला सांगितलं. पोरीला कळायला पाच मिनिटं लागली होती, पण जीभ ऐकेना. थांबली की 'नि' आलाच. शेवटी मी तांब्या जवळ ठेवला. 'अहद' म्हणायचं, एक घोट पाणी गिळायचं, मग 'अल्लाहु'. गिळताना नून पण पोटात जातो, मी म्हणाले. चौथ्या दिवशी पोरगी म्हणाली, खाला, पोटात नुसते नूनच नून झालेत. मग पाण्याशिवाय. मग एकदा जोडून, एकदा थांबून. सहाव्या दिवशी दोन्ही सूरा साफ आल्या. सुनेला मी आत बसवून ऐकायला लावलं होतं, आणि चुकलं तर खोकायचं. दोन दिवस ती खोकली नाही.

आठव्या दिवशी मी स्वतः बरोबर गेले. उस्तानी माझ्या सुनेपेक्षाही लहान होती. पोरगी 'अहद'वर थांबली. तिनं नुसताच घोट गिळला, आणि म्हणाली, 'अल्लाहुस्समद'. आता न थांबता म्हण, असं उस्तानीनं सांगितलं, तेही जमलं. दुसरी सूराही झाली. तिनं वही ओढून पोरीचं नाव लिहिलं आणि विचारलं, आठ दिवसांत हिला दुरुस्त कुणी केलं? पोरीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"आणि आधी बिघडवलं कुणी?"

पोरगी चप्पल शोधायला लागली.

"मीच," मी म्हणाले. "दुसऱ्याला कशाला त्रास."

उस्तानी हसता हसता ओढणी सावरत राहिली.

आता ओसरीवर पोरी पाहिजे तिथं श्वास घेतात. जुन्या शिकलेल्या बायका लग्नात, बसस्टँडवर, दवाखान्यात भेटतात, तिथंच मी त्यांना बाजूला घेऊन वाचायला लावते. काही जणी मला बघून वाट बदलतात. एक कनेरगाव नाका या गावी दिलेली आहे, तिला नातवंडं झालीत. तिला फोनवर सांगितलं. या वयात जीभ वळत नाही म्हणाली. मी म्हटलं, तांब्या जवळ घेऊन बस.