आरशातलं बोलणं

तात्यांचं केस कापण्याचं दुकान चौकात होतं आणि त्यांचे कान, काकूंच्या मते, त्या दुकानातच राहत. संध्याकाळी तात्या घरी येत ते कानांशिवाय.

"गिऱ्हाईक पुटपुटलं तरी कळतं यांना! आणि मी घसा फोडून सांगते ते पालथ्या घड्यावर पाणी," असं काकू लेकीला सांगत. लेक हसे. काकू हसत नसत. चार वर्षांत त्यांनी नवऱ्याला सांगायच्या गोष्टी एकेक करून कमी केल्या होत्या. या माणसाला आपलं ऐकायचंच नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं.

घरातली रीतही अशी की काकू बोलायच्या ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून. वर धूर ओढणारा पंखा घोंघावे, मागे टीव्ही चाले, नातवंडं भांडत. तात्या टेबलाशी बसून "हो, हो" म्हणत. "नळ दुरुस्त करून घेतलात का?" "हो, हो." नळ गळतच होता. पुढेपुढे तर तात्या लवकर जेवून आतल्या खोलीत जाऊ लागले. काकू म्हणाल्या, "बघा, पळाले."

एका सकाळी दुकानातल्या आरशाला तडा गेला. काचवाला जुना आरसा उतरवून घेऊन गेला, नवा संध्याकाळी लावतो म्हणाला. दुकान बंद ठेवायचं तात्यांच्या रक्तात नव्हतं. कोऱ्या भिंतीसमोर खुर्ची, आणि कामाला सुरुवात.

काकू डबा घेऊन पोचल्या तेव्हा खुर्चीत शाळेतले जुने मास्तर बसले होते. त्यांची मिशी तीस वर्षांची, गावभर मान असलेली. पंखा फिरत होता, रेडिओ सुरू होता. मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "दाढी करा. मिशीला मात्र हात लावू नका हं." दारात उभ्या काकूंना ते स्वच्छ ऐकू आलं. मागे उभे असलेले तात्या म्हणाले, "हो, हो."

तोच सूर. काकूंनी डबा बाकावर ठेवला आणि "अहो!" म्हणून ओरडेपर्यंत अर्धी मिशी गेली होती.

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. उरलेली अर्धी मास्तरांना स्वतःच काढायला सांगावी लागली. ते निघून गेल्यावर तात्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसले. "काय म्हणाले होते ते? मला वाटलं, दाढीबरोबर मिशीही काढायला सांगितली," त्यांनी हळूच विचारलं. "आरशात तोंड दिसतं गं. ओठ बघून शब्द जुळवून घेतो मी. आज दिसलंच नाही."

काकूंचा सगळा राग जागच्या जागी थिजला. चार वर्षं त्या याच माणसाशी पाठमोऱ्या बोलत होत्या.

कानांच्या तपासणीवाल्या बाईंनी तात्यांना बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, बारीकसारीक आवाज ऐकवले. मग त्या काकूंना म्हणाल्या, "वयाने आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, त असले. त्यामुळे बोलण्याचा आवाज येतो, पण शब्द सुटा होत नाही. गोंगाटात तर नाहीच."

"म्हणून मी ओरडते," काकू म्हणाल्या.

"ओरडल्याने शब्द फाटतात, आणि चेहराही रागावलेला दिसतो. आधी हाक मारा, समोर या, तोंडावर उजेड असू द्या. एका वेळी एकानेच बोला. नाही कळलं तर तेच तेच नको, वाक्य बदलून सांगा. आणि न कळता हो म्हणायचं नाही," हे शेवटचं तात्यांना. "ऐकू येण्याची यंत्रं दोन्ही कानांना लावा. सवय व्हायला काही आठवडे लागतील, आणि गोंगाट काही ती पुसून टाकणार नाहीत."

"हो, हो," तात्या म्हणाले. मग चपापून म्हणाले, "शेवटचं कळलं नाही." बाई हसल्या आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं.

घरी टीव्ही जेवताना बंद झाला. नातवंडांना आळीपाळीने बोलायला शिकवताना काकूंच्या तोंडाला फेस आला. पण ओट्याचं काय? पोळी तव्यावर टाकून दर वाक्याला वळायचं कसं?

तात्यांनी काचवाल्याकडून तडा गेलेल्या आरशाचा चांगला तुकडा कापून आणला, चौकटीत बसवला आणि ओट्यामागच्या भिंतीवर ठोकला. पंखा बंद केला. टेबलाशी बसून म्हणाले, "बोला बाई. कसे कापू?"

काकूंनी आरशात पाहिलं. तात्या तिथून टक लावून त्यांच्याकडे बघत होते, मास्तरांच्या मिशीकडेही बघितलं नसेल इतकं. काकूंचे डोळे भरून आले.

"मला वाटायचं, तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं," त्या हळू म्हणाल्या.

"ऐकायचं असायचं गं," तात्या म्हणाले. "तू वळायचीच नाहीस."

तव्यावरची पोळी करपली. काकू बोलतच राहिल्या, चार वर्षांचं साचलं होतं.