दोन वाक्यं शेजारी

राजेश्वरी कोरेगावची. सांगलीतल्या आमच्या हळद-पावडरीच्या कंपनीत ती कंपनी सेक्रेटरींच्या कचेरीत काम करते, माझं टेबल तिच्या शेजारी. ती कशालाही ‘का’ विचारते. चहा आज गोड का, हेसुद्धा.

त्या सोमवारी विश्वजित साहेबांनी तिच्यापुढं वार्षिक अहवालाचा मसुदा ठेवला. आमचा सगळा हिशेबविभाग तेच सांभाळतात.

“व्यवस्थापनाच्या चर्चेची, म्हणजे वर्ष कसं गेलं त्याची, बावीस पानं आहेत. गुरुवारी संचालकांची सभा. त्यांना वाचायला सवड नाही, एका पानात बसवा. हळद दळायची नवी यंत्रणा मंजूर करून घ्यायचीय, तेव्हा विक्रीची वाढ ठळक येऊ दे. आणि अहवालात नाही ते एक अक्षर घालू नका.”

“नाही घालत,” राजेश्वरी म्हणाली.

बाजार, जोखमी, पुढचा अंदाज, सगळं तिनं आटवत आणलं. प्रत्येक आकड्यापुढं पेन्सिलीनं पान क्रमांक. मधेच मान वर करून म्हणाली, “अगं, विक्री अठरा टक्के वाढली म्हणतात. मग दोनांतली एक चक्की दिवाळीपासून बंद का?”

“तुला काय करायचंय?”

“नवी घेतायत की!”

चक्कीबद्दल अहवालात अवाक्षर नव्हतं, म्हणजे लिहिता येईना. ती पुन्हा पहिल्यापासून वाचत बसली. नवव्या पानावर रुपयांतल्या विक्रीची अठरा टक्के वाढ होती. सतराव्यावर, बाजारभावाच्या परिच्छेदात, एक वाक्य सापडलं: आपल्या मालाला सरासरी दर सत्तावीस टक्के जास्त मिळाला. तिनं ही दोन वाक्यं उचलून पानाच्या डोक्यावर शेजारी ठेवली. बाकी काही नाही.

साहेबांनी पान पाहिलं, कपाळाला आठी घातली. “दराचं खाली टाका.”

“दोन्ही तुमचीच वाक्यं आहेत, साहेब. एकच वर ठेवलं तर उद्या संचालक मला विचारतील, अर्धं का सांगितलंस?”

ते पान टेबलावर ठेवून निघून गेले. पान तसंच पाठवायचं की नाही, कळेना. नोकरी तिचीच पणाला. मी मनात गणपतीला हात जोडले. बुधवारी साहेबांनी त्यावर सही केली.

गुरुवारी मी चहा घेऊन आत गेले तेव्हा नानासो बोलत होते. फौजेतून आलेले, सगळ्यांत वडीलधारे संचालक, बोट ठेवून वाचणारे.

“आवं विश्वजितराव, दर सत्तावीसनं चढला आन् इक्री अठरानंच? मग माल कमीच ग्येला की!”

“हो. सात टक्क्यांच्या आसपास.”

“मग नवी चक्की कशाला? आधी जुनी फिरवा की राव!”

सगळे हसले, साहेबही, जरा उशिरानं. यंत्रणेचा विषय पुढच्या सभेवर गेला, आणि माल किती कमी विकला ते मसुद्यात सरळ लिहायचं ठरलं.

संध्याकाळी साहेब राजेश्वरीच्या टेबलापाशी थांबले. “पुढच्या वर्षी मसुदा लिहितानाच बसा माझ्याबरोबर.”

“बसते. पण साहेब, ती चक्की बंद का पडली?”

साहेबांनी खुर्ची ओढली.